किस्सा कुठे वळतो?

कोल्हापुरातली परिषद उसावरची असो, फाउंड्रीवरची असो किंवा पुरावरची, तिचे बीजभाषण राजर्षी शाहू महाराजांच्या एखाद्या आठवणीने सुरू होण्याची शक्यता फार मोठी असते. या गावात त्यात वावगे काही नाही. राधानगरीचे धरण, माणगावची परिषद, गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात महाराजांनी घेतलेला चहा, खासबागेचे कुस्ती मैदान, यांतली कोणतीही आठवण सांगितली की सभागृह वक्त्याचे होते आणि पहिली टाळी मिळते. अडचण त्या टाळीनंतर सुरू होते. वक्ता 'तर आजचा आपला विषय' असे म्हणतो आणि श्रोत्यांच्या लक्षात येते की आतापर्यंत झाले ते वेगळे होते आणि आता येणार आहे ते वेगळे आहे. किस्सा चांगला होता, खरा होता, आदराने सांगितला होता. फक्त तो या भाषणाचा नव्हता.

महाविद्यालयात मराठी शिकवण्यात माझी नोकरी गेली. निवृत्तीनंतरही ओळखीचे लोक भाषणांचे खर्डे घेऊन घरी येतात, शुद्धलेखन पाहा म्हणतात, आणि मी शुद्धलेखन पाहता पाहता पहिल्या पानावरच अडते, कारण तिथे बहुधा एक किस्सा असतो आणि तो तिथे का आहे याचे उत्तर लिहिणाऱ्याजवळ बहुधा नसते. या लेखात अशा एकाच खर्ड्याविषयी लिहिते आहे.

माझे एक स्नेही पाटबंधाऱ्यांच्या कामात आयुष्य घालवून निवृत्त झालेले अभियंते आहेत. शहरात पूरव्यवस्थापनावर एक दिवसाची परिषद होती आणि तिचे चाळीस मिनिटांचे बीजभाषण त्यांच्याकडे आले होते. समोर बसणाऱ्यांची यादी त्यांनी मला आधीच दिली, हे फार बरे केले. तीत शासकीय अधिकारी होते, लोकप्रतिनिधी होते, अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते, शिरोळ तालुक्यातले शेतकरी होते, पुरात घर सोडावे लागलेल्या गावांतल्या बचत गटांच्या महिला होत्या आणि बेळगावकडून येणारे पाच-सात कन्नड भाषक अभियंतेही होते. साहेबांचे स्वतःचे म्हणणे मात्र एकाच वाक्याचे होते. पुराचा इशारा वेळेवर निघतो, परंतु तो ज्या भाषेत निघतो त्या भाषेवरून ऐकणाऱ्याला स्वतःच्या घराचा निर्णय घेता येत नाही. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते. तिथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे कोल्हापुरातल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. पण ४३ फूट म्हणजे आपल्या गल्लीत किती पाणी, हे त्या आकड्यातून निघत नाही, कारण गल्लीची उंची वेगळी, नदीपासूनचे अंतर वेगळे आणि पाण्याची वाटही वेगळी. इशारा बंधाऱ्याच्या फुटांत न देता गल्लीगल्लीच्या खुणांत द्यावा, हा त्यांचा मुद्दा.

खर्ड्याच्या सुरुवातीला त्यांनी तीन पर्याय लिहून आणले होते, आणि ते तीनही नाकारण्याची कारणे वेगवेगळी होती.

पहिला पर्याय अर्थातच राधानगरीचा. भोगावतीवर फेजिवड्याजवळ धरण बांधण्याचा निर्णय, त्या काळात एका संस्थानाने उचललेला तो भार, आणि महाराजांच्या हयातीत पूर्ण न होऊ शकलेले ते काम. विषय पाण्याचा, धरण पाण्याचे, वक्ता पाटबंधाऱ्यातला. वरवर पाहता याहून समर्पक काय असणार? पण राधानगरीची कथा दूरदृष्टीवर जाऊन थांबते आणि भाषण संवादातल्या फटीवर उभे आहे. ती ऐकून श्रोता 'मोठी कामे धाडसाने हाती घ्यावीत' या विचारापाशी पोहोचतो, आणि पुढच्याच मिनिटाला वक्ता त्याला सांगू लागतो की मोठ्या कामाची आता गरज नाही, भिंतीवर एक रेघ मारा. म्हणजे किस्सा नुसता अनावश्यक नाही, तो श्रोत्याला उलट्या बाजूला नेऊन सोडतो.

दुसरा पर्याय बेडकाचा होता. पातेल्यातले पाणी हळूहळू तापवले तर बेडूक उडी मारत नाही आणि शिजून मरतो, ही गोष्ट व्यवस्थापनाच्या व्याख्यानांतून इतकी फिरली आहे की ती ऐकवताना वक्त्याला पुरावा द्यावा असे वाटतच नाही. हळूहळू चढणारे पाणी आणि घर न सोडणारी माणसे, यांना ती अगदी चपखल बसते असेही वाटते. पण ती खरी नाही. पाणी तापू लागले की धडधाकट बेडूक बाहेर पडायला धडपडतो. १८६९ मध्ये गोल्ट्झ या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने केलेल्या प्रयोगात तापत्या पाण्यात बसून राहिलेला बेडूक हा मेंदू काढून टाकलेला बेडूक होता. सभागृहात जीवशास्त्राचा एक प्राध्यापक असला तरी त्याचा पुढच्या चाळीस मिनिटांवरचा विश्वास तिथेच उडतो, आणि त्याला दोष देता येत नाही. बीजभाषण करणाऱ्याला आपले आकडे लोकांनी खरे मानावेत अशी अपेक्षा असते. मग पहिलीच गोष्ट ऐकीव कशी चालेल? त्याखेरीज या उपमेत आणखी एक काटा आहे. समोर बसलेल्या महिलांपैकी कुणीतरी पाणी चढेपर्यंत खरोखरच घरात थांबलेली असणार, जनावरे सोडून जाववत नाही म्हणून, किंवा म्हाताऱ्या सासऱ्यांना उचलायला माणूस नाही म्हणून. तिला पहिल्या मिनिटाला बेडूक म्हणून कसे चालेल?

तिसरा पर्याय सर्वांत बोलका आणि सर्वांत घातक होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ इथे पुरातून माणसांना नेणारी नाव उलटली होती. साहेबांनी तो प्रसंग संयमाने लिहिला होता, कुणावर ठपका ठेवला नव्हता, आणि वाचताना अंगावर काटा येत होता. तो काटाच मला नको होता. त्या परिसरातले लोक, कदाचित त्यात गेलेल्यांच्या नात्यातले कुणी, सभागृहात असू शकतात. ज्यांचे माणूस गेले त्यांना आधी विचारल्यावाचून, कार्यक्रमपत्रिकेतल्या 'बीजभाषण' या शीर्षकाखाली, सकाळी अकरा वाजता तो प्रसंग पुन्हा भोगायला लावण्याचा अधिकार वक्त्याला कुणी दिला? असा प्रसंग भाषणात कधीच येऊ नये असे मी म्हणत नाही. तो मधल्या भागात, मुद्दा उभा राहिल्यावर, एका वाक्यात आणि नेमक्या कारणासाठी येऊ शकतो. पण लक्ष वेधून घेण्यासाठी वापरलेला मृत्यू ऐकणाऱ्याला लगेच ओळखू येतो.

समर्पकतेची गल्लत बहुतेकदा इथेच होते. किस्सा आणि भाषण यांचा विषय एक असणे पुरेसे समजले जाते. खरे तर किस्सा ज्या जागी वळतो, ज्या वाक्यापाशी ऐकणाऱ्याची समजूत बदलते, ती जागा आणि भाषणाचे मुख्य म्हणणे ही एकच गोष्ट असावी लागते. विषय वेगळा असला तरी भागते. पुराच्या भाषणाआधी टपालाची गोष्ट चालेल, जर त्या गोष्टीत पत्र वेळेवर पोहोचूनही वाचता न आल्याने काही घडले असेल; पण पुराच्या भाषणाआधी पुराचीच शौर्यकथा चालणार नाही.

मराठीला ही बांधणी नवी नाही. महानुभावांच्या दृष्टांतपाठात प्रत्येक दृष्टांत तीन भागांत येतो. आधी सूत्र, मग दृष्टांत, आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांत सूत्राला कुठे आणि कसा लागू होतो याचा खुलासा. हत्ती आणि आंधळे यांची सर्वपरिचित गोष्ट तिथे आहे, आणि तीसुद्धा खुलाशाविना सोडलेली नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगाचे निरूपण होते आणि मगच उत्तररंगात आख्यान रंगते. कथेला कशासाठी बोलावले आहे हे श्रोत्याला आधी माहीत असते. बीजभाषणाच्या वक्त्याने हा क्रम उलटवलेला असतो. तो कथा आधी सांगतो आणि सूत्र नंतर. त्यामुळे त्याच्या कथेवर दुहेरी जबाबदारी पडते, कारण ती ऐकताना श्रोत्याच्या हातात काहीच नसते आणि ती संपताक्षणी सूत्र आपोआप हाती यावे लागते. ते आले नाही तर वक्ता दार्ष्टांतिक लांबवत बसतो. 'ही गोष्ट मी का सांगितली, तर' असे वाक्य खर्ड्यात दिसले की मी तिथे पेन्सिलीने खूण करते. दोन कथांमधली कोणती घ्यावी असा प्रश्न पडला, तर जिच्यानंतरचा खुलासा एका वाक्यात संपतो ती घ्यावी; या कसोटीने सहसा फसवणूक होत नाही.

मग मी साहेबांना विचारले, "हा मुद्दा तुम्हाला स्वतःला पहिल्यांदा कधी कळला?" पुस्तकात, अहवालात नव्हे, तुम्हाला. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बाई, ते सांगण्यासारखं नाही हो, साधंच आहे." किस्सा शोधताना हे वाक्य ऐकू आले की मला आशा वाटते.

तो साधा प्रसंग त्यांनी नंतर लिहून आणला तेव्हा मात्र अडीच पाने झाला होता. व्यासपीठावरून सावकाश बोलणारा माणूस मिनिटाला साधारण शंभर ते एकशेवीस शब्द बोलतो, मध्ये श्वास आणि हशा आला तर त्याहून कमी. अडीच पाने म्हणजे सहाएक मिनिटे. चाळीस मिनिटांच्या भाषणात दीड मिनिटाचा किस्सा सहज पेलतो. तीन मिनिटांचा झाला की तो प्रस्तावना राहत नाही, स्वतंत्र कार्यक्रम होतो, आणि सहा मिनिटांनी मागच्या रांगांतले लोक मोबाइलकडे वळलेले असतात.

त्या अडीच पानांत काय होते ते सविस्तर सांगते, कारण लांबी कुठून येते हे तपशिलावाचून कळत नाही. सुरुवातीला २००५ साली साहेब कोणत्या हुद्द्यावर होते आणि कुणाच्या हाताखाली होते याचा परिच्छेद होता. पुढे त्या आठवड्यातला पाऊस, राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी कोणते कधी उघडले याचा हिशेब. मग जीपचा क्लच गेल्याची हकीकत, जी घरी सांगितली तर सगळे हसतील अशीच होती. मग अलमट्टीच्या पाण्यावरून शेजारच्या राज्याला मारलेला एक टोमणा. मग नदीकाठच्या ज्या गल्लीत ते इशारा द्यायला गेले तिचे नाव. मग दारात बसलेली एक आजी, तिचे वर्णन, तिच्या तोंडचे कोल्हापुरी बोल आणि ते बोलून दाखवण्यासाठी कंसात लिहिलेली 'नक्कल' अशी सूचना. त्यानंतर तो प्रश्न, ज्यासाठी हे सगळे होते. आणि प्रश्नानंतर पुन्हा पाऊण पान, पुढे त्यांनी स्वतः त्या गल्लीत रंगाने खुणा कशा करून घेतल्या याचे.

आजीचा प्रश्न असा होता. साहेब तिला म्हणाले होते की पाणी त्रेचाळीस फुटांवर जाणार आहे, सामान बांधा. तिने विचारले, "त्रेचाळीस म्हंजे आमच्या कितव्या पायरीला?"

चाळीस मिनिटांचे भाषण या एका प्रश्नात होते. म्हणून कापाकापी याच प्रश्नापासून सुरू करावी लागते, आणि ती मागून पुढे करावी लागते. प्रश्नानंतरचे पाऊण पान सर्वांत आधी गेले, कारण रंगाच्या खुणा हे भाषणाचे उत्तर आहे आणि ते किस्स्यातच दिले तर श्रोत्याला पुढे बसून राहायला कारण उरत नाही. शिवाय त्या पाऊण पानात साहेब नायक होऊ लागले होते. मग उलटे येत येत प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा होता. हे वाक्य ठाऊक नसेल तर आजीचा प्रश्न कळायला अडचण येते का? साल कळायला हवे, कारण पूर कोणता ते समजते. नदीकाठची गल्ली हवी. इशारा द्यायला आलेला अधिकारी हवा. त्रेचाळीस हा आकडा हवाच. हुद्दा नको, वरिष्ठ नकोत, दरवाजांचा हिशेब नको, जीप नको. जीपचे वाक्य काढताना साहेबांना वाईट वाटले, आणि ते मला समजते. हसवणारे वाक्य हातचे घालवणे कुणालाही जड जाते. पण पहिला हशा क्लचवर झाला असता तर श्रोत्यांनी पुढच्या आजीकडेही विनोदाच्या अपेक्षेनेच पाहिले असते.

इथे मला एक गोष्ट दर वेळी नव्याने दिसते. मिश्र श्रोत्यांसमोर जोखमीच्या ठरणाऱ्या जागा या बहुतेक त्याच जागा असतात ज्या कथेला लागतच नाहीत. अलमट्टीचा टोमणा काढून टाकला तर आजीचा प्रश्न तसाच राहतो. मात्र ठेवला असता तर बेळगावहून आलेले अभियंते पहिल्या मिनिटालाच हाताची घडी घालून बसले असते, आणि पाण्याच्या विसर्गावर दोन्ही बाजूंनी बोलणे व्हावे हा परिषदेचाच एक हेतू होता. गल्लीचे नावही असेच. जुन्या कोल्हापुरात गल्लीच्या किंवा पेठेच्या नावावरून तिथे कोणता समाज राहतो हे ऐकणाऱ्याला लगेच कळते, आणि मग ज्या बाईला फूट कळत नाहीत ती 'त्यांच्यातली' होते. 'नदीकाठची एक गल्ली' म्हटले की ती कुणाचीही होते. साखर कारखान्याचे नाव घेतले की वक्ता कोणत्या गटाचा याची कुजबुज सुरू होते, तेही त्याच प्रकारचे. कथा आटली की यातले बरेचसे आपोआप गळते, म्हणून किस्सा आधी आटवावा आणि सुरक्षिततेचा विचार मग करावा, असा माझा क्रम आहे. उलट क्रमाने गेले तर लेखक एकेका वाक्याला मऊ करत बसतो, 'कुणाला दुखवण्याचा हेतू नाही' अशा पुस्त्या जोडतो, आणि किस्सा लांबतो तो लांबतोच.

आटवल्यानंतरही जे उरते त्याची जोखीम मात्र खरी असते, कारण ती कथेच्या गाभ्यातच असते. आमच्या बाबतीत ती आजी होती.

अशिक्षित वृद्ध स्त्री, शिकलेला अधिकारी आणि तिला न कळलेला आकडा, ही विनोदाची फार जुनी मांडणी आहे. श्रोते तिच्या सवयीचे असतात. प्रश्नाचा अर्थ कळण्याआधीच ते आजीला हसतील, आणि एकदा हसले की प्रश्न त्यांना अडाणीपणाचा वाटेल, नेमकेपणाचा वाटणार नाही. ही गोष्ट ऐकताना हसू आले तर ते कुणाचे यावे, हे वक्त्याने आधी ठरवायला हवे. आमच्या मते ते अधिकाऱ्याचे यायला हवे होते, म्हणजे स्वतः साहेबांचे. हातात सगळे आकडे आहेत आणि विचारलेल्या एका साध्या प्रश्नाला उत्तर नाही, अशी ती अवस्था. स्वतःवर घेतलेला विनोद मिश्र श्रोत्यांत सर्वांत कमी जोखमीचा असतो. पण त्यालाही मर्यादा आहे. 'एवढ्या मोठ्या पदावर असूनही मला' असे म्हटले की तो विनोद राहत नाही, पद सांगण्याची सबब होते. म्हणून हुद्दा पुन्हा एकदा काढला.

नक्कल हा सर्वांत अवघड भाग ठरला, आणि त्यावर आमचे एकमत व्हायला वेळ लागला. साहेबांचे म्हणणे असे की आजी तशीच बोलली, तिचे बोल पुस्तकी केले तर तिचा जिवंतपणा जातो, आणि आपण कोल्हापूरचेच, आपल्या बोलीची लाज कसली? हे म्हणणे चुकीचे नाही. बोलीत सांगितलेले वाक्य प्रमाण भाषेत सांगितलेल्या वाक्यापेक्षा जास्त लक्षात राहते. पण बोली बोलणे आणि आवाज बदलून बोलणे यांत फरक आहे. साहेब घरी स्वतःही 'म्हंजे' म्हणतात. व्यासपीठावर मात्र ते सगळे भाषण प्रमाण मराठीत करणार आणि फक्त आजीच्या वाक्याला आवाज कापरा करून, मान हलवून बोलीत शिरणार, असे ठरले होते. तसे केले की बोली ही आजीची खूण न राहता अडाणीपणाची खूण होते. मागच्या रांगेतल्या बचत गटाच्या महिला रोज तशाच बोलतात, हे विसरून कसे चालेल? शेवटी असे ठरले की शब्द आजीचे ठेवायचे, आवाज स्वतःचा ठेवायचा, आणि प्रश्नानंतर हसायला जागा न देता पुढचे वाक्य शांतपणे घ्यायचे. बेळगावच्या पाहुण्यांपैकी ज्यांना मराठी बेताची येत होती त्यांनाही 'पायरी' कळणार होती. कोटीवर किंवा म्हणीवर उभा असलेला किस्सा भाषा ओलांडताना मरतो. वस्तूवर उभा असलेला बहुधा तगतो.

आजीची परवानगी घेण्याचा प्रश्नही निघाला. इतक्या वर्षांनी ती मिळणे शक्य नव्हते. म्हणून नाव, गल्ली, वय, घरातली माणसे, ओळख पटेल असे सगळे काढले. ओळख न पटताही कथा पुरी उभी राहते की नाही हेही पाहिले. ती राहत होती.

शेवटी कागदावर जे उरले ते असे.

'२००५ च्या पुरात नदीकाठच्या एका गल्लीत मी इशारा द्यायला गेलो होतो. दारात एक आजी बसल्या होत्या. मी म्हणालो, आजी, पाणी त्रेचाळीस फुटांवर जाणार आहे, सामान बांधा. त्यांनी मला विचारलं, त्रेचाळीस म्हंजे आमच्या कितव्या पायरीला? माझ्याजवळ राजाराम बंधाऱ्याची पातळी होती, धरणांच्या विसर्गाचे आकडे होते, पावसाची नोंद होती. त्यांच्या पायरीचं उत्तर नव्हतं. आज मी त्या प्रश्नाबद्दल बोलणार आहे.'

घड्याळ लावून वाचले तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास होते. शेवटचे वाक्य म्हणजे आमचे दार्ष्टांतिक, आणि ते एकच आहे. 'आजी बसल्या होत्या' हा आदरार्थी प्रयोग मी आग्रहाने ठेवला. आधीच्या खर्ड्यात 'म्हातारी' होती. ती प्रेमाने लिहिलेली होती हे मला ठाऊक आहे, पण सभागृहाला ते प्रेम ठाऊक असण्याचे कारण नाही.

एवढ्याने किस्सा तयार झाला तरी कार्यक्रमाची घडण उरतेच. आपल्याकडे बीजभाषण मोकळ्या सभागृहात सुरू होत नाही. आधी दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि सत्कार होतात, आणि वक्त्याच्या हाती माइक येतो तेव्हा कार्यक्रम ठरल्या वेळेच्या बराच मागे असतो. भाषणाच्या पुस्तकांत 'थेट गोष्टीने सुरुवात करा' असा सल्ला असतो. तो कोल्हापुरात जसाच्या तसा पाळता येत नाही, कारण अध्यक्षांना संबोधल्याशिवाय बोलू लागलेला वक्ता इथे उद्धट वाटतो. पण व्यासपीठावरच्या प्रत्येकाचे नाव, पद आणि गौरव असे करत गेले तर किस्सा सुरू होण्याआधीच तीन मिनिटे जातात. 'अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि सभागृहातील सर्व बंधुभगिनींनो' एवढ्यावर थांबून एक श्वास घ्यावा आणि सालावर यावे, हे आम्ही ठरवले. आभार आणि गौरव शेवटी मावतात, आणि तिथे ते मनापासूनही वाटतात.

आधीच्या वक्त्याने आपलाच किस्सा सांगून टाकला तर काय, ही भीती शाहू महाराजांच्या आठवणीबाबत खरी असते. प्रास्ताविकातच ती बहुधा खर्ची पडते. स्वतःच्या पाहण्यातल्या प्रसंगाला हा धोका नसतो. वेळेचा धोका मात्र असतो. चाळीसाची पंचवीस मिनिटे झाली असे कानात सांगण्यात आले, तर घाईघाईने मधला भाग गिळण्यापेक्षा किस्सा तीन वाक्यांवर आणायचा, त्यातला आकडा आणि पायरी ठेवायची, असा छोटा पाठही साहेबांनी खिशात ठेवला.

किस्सा ऐकवून पाहायला त्यांनी कुणाला निवडावे यावर मी थोडी आग्रही होते. अभियंत्यांना ऐकवून उपयोग नव्हता. ते मान डोलावतात. त्यांनी तो घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींना ऐकवला, कारण त्यांचे घर पुराच्या पट्ट्यात आहे. एका महाविद्यालयीन मुलाला ऐकवला, ज्याला २००५ आठवण्याचे वयच नव्हते. आणि निपाणीकडच्या एका जुन्या सहकाऱ्याला फोनवर ऐकवला. 'कसा वाटला' असे विचारायचे नाही, एवढेच मी सांगितले होते, कारण त्यावर सगळे 'छान' म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यांना तोच प्रसंग सांगायला लावायचा आणि काय उरले, काय गळले ते ऐकायचे.

मुलाने साल चुकवले, बंधारा विसरला, पण पायरी सांगितली. सहकाऱ्याने पायरी सांगितली आणि लगोलग आपल्या गावातल्या देवळाच्या पायऱ्यांची हकीकत सुरू केली, म्हणजे किस्सा भाषा आणि हद्द ओलांडून पोहोचला होता. मावशींनी मात्र तो परत सांगितलाच नाही. त्या म्हणाल्या, "मग सांगितलंसा का नाही तिला, कितव्या पायरीला ते? मोजायचं तरी." साहेबांनी मला हे सांगितले तेव्हा ते जरा ओशाळले होते. मी त्यांना म्हटले की आता भाषणाचे दुसरे पान मावशींच्या या वाक्याला उत्तर देते आहे की नाही, तेवढे पाहा. ते देत नव्हते. तिथे विसर्गाचा तक्ता होता. त्यांनी तक्ता सहाव्या पानावर नेला आणि दुसऱ्या पानावर, एका गल्लीतल्या उंबऱ्यांची उंची बंधाऱ्याच्या फुटांशी कशी जोडायची, ते मोजमाप आणले.